मृत्यू षडाष्टक म्हटलं की पुढचं कोणी ऐकतच नाही

"ताई, मी 29 वर्षांची आहे. रास वृश्चिक, अनुराधा नक्षत्र, पहिलं चरण. दोन वर्षांपूर्वी एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं, मुलाची धनू रास, पण 'मुलीची रास बारावी येते' असा निरोप आला आणि ते मोडलं. आता ज्याच्याशी लग्न करायचंय त्याला मी दीड वर्ष ओळखते. मिथुन रास, पुनर्वसू, पहिलं चरण. साडेएकवीस गुण जुळतात. तरी त्यांच्या गुरुजींनी मृत्यू षडाष्टक आहे असं सांगितलं आणि त्याची आई हादरली, कारण त्याचे मामा लग्नानंतर तीन वर्षांत गेले आणि त्यांचंही षडाष्टक होतं म्हणे. तो म्हणतो, आई शांत झाली की बघू. माझा विश्वास नाही या सगळ्यावर, पण रात्री झोप लागत नाही. माझ्यामुळे त्याला काही झालं तर? शांती करावी का, की मीच मागे व्हावं?"

अगं, तुझ्या पत्रातला 'माझ्यामुळे' हा शब्द मी तीनदा वाचला, आणि सुरुवात तिथूनच करते कारण तो शब्द पत्रिकेत कुठेच नाहीये, तो तुझ्या डोक्यात कोणीतरी घातलाय.

षडाष्टक म्हणजे नक्की काय मोजतात ते एकदा स्वतः बोटांवर मोजून बघ. त्याच्या मिथुनेपासून सुरू कर, मिथुन एक, कर्क दोन, सिंह तीन, कन्या चार, तूळ पाच, वृश्चिक सहा. म्हणजे तुझी रास त्याच्यापासून सहावी. आता तुझ्या वृश्चिकेपासून मोज, धनू, मकर, कुंभ, मीन, मेष, वृषभ असं करत मिथुन येते आठवी. एकाकडून सहा आलं की दुसऱ्याकडून आठ येतंच, ते एकाच अंतराचं दोन बाजूंनी मोजलेलं माप आहे. त्यामुळे 'मुलीची रास वाईट स्थानी पडली' हे वाक्यच चुकीचं आहे. दोष सांगितलाय तो जोडीचा, त्यात तू कर्ती आणि तो भोगणारा असं काहीही नाही. गुरुजींनीही बहुतेक असं म्हटलं नसेल, पण घरात पोचेपर्यंत त्या वाक्याचा अर्थ तसा होऊन जातो, आणि का कोण जाणे तो नेहमी मुलीच्याच बाजूने होतो.

बरं, सहा आणि आठ याच आकड्यांची एवढी भीती का? कारण कुंडलीत सहावं स्थान रोग, कर्ज आणि शत्रूचं मानतात, आठवं मृत्यूचं आणि आयुष्याचं, बारावं खर्चाचं. तेच अर्थ उचलून दोन माणसांच्या चंद्रराशींमधल्या अंतराला लावले, त्याला भकूट म्हणतात, आपल्याकडे राशीकूटही म्हणतात. 36 पैकी 7 गुण त्याचे. आणि इथे एक गोष्ट आहे जी बऱ्याच घरांत माहीतच नसते, की या कुटात मधले गुण नाहीत. तारेचे दीड मिळू शकतात, ग्रहमैत्रीचे चार किंवा अर्धा मिळू शकतो, पण भकूटाचे एकतर पूर्ण 7 नाहीतर सरळ 0. एकच रास असेल, समोरासमोरची सातवी असेल, तिसरी-अकरावी किंवा चौथी-दहावी असेल तर 7. दुसरी-बारावी, पाचवी-नववी, सहावी-आठवी असेल तर 0.

आता हिशेब कर. कुठल्याही राशीला बारापैकी सहा राशी शून्यात जातात. मुला-मुलीच्या राशींच्या 144 जोड्या होतात, त्यातल्या 72 ना भकूटाचं शून्य आहे. बरोबर निम्म्या! म्हणजे शून्य आलं ही काही अघटित गोष्ट नाही, नाणं उडवल्यावर काटा पडावा तितकी ती साधी गोष्ट आहे. ज्यांनी हे शास्त्र लिहिलं त्यांनाही हे दिसत होतंच, नाहीतर निम्मी लग्नं बंदच करावी लागली असती, म्हणून त्यांनी लगेच पुढे अपवाद लिहून ठेवले. ते अपवाद मात्र आपल्यापर्यंत पोचत नाहीत, भीती तेवढी पोचते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मुहूर्तचिंतामणीत आहे. 1600 च्या सुमारास काशीत राम दैवज्ञांनी लिहिलेला ग्रंथ, लग्न जुळवताना गुरुजी आजही ज्याचा आधार देतात. त्यात षडाष्टकात मृत्यू, नवपंचमात म्हणजे पाचवी-नववीत संततीची हानी, द्विर्द्वादशात म्हणजे दुसरी-बारावीत दारिद्र्य असं एका श्लोकात म्हटलंय. लोकांच्या तोंडी आहे ते हेच. पण त्याला लागूनच परिहार येतो, की दोन्ही राशींचा स्वामी एकच असेल तर दुष्ट भकूट असूनही विवाह शुभ, स्वामी एकमेकांचे मित्र असले तरी चालेल, फक्त नाडी शुद्ध हवी, म्हणजे दोघांची वेगळी. आणि स्वामी मित्र नसले तरी नवमांशाचे, म्हणजे राशीच्या ज्या नवव्या भागात चंद्र पडतो त्याचे, स्वामी मित्र आणि बलवान असतील तर चालेल, तारा शुद्ध असण्याचाही आधार दिलाय. ज्या ग्रंथातून भीती आली त्याच ग्रंथात सुटकेच्या एवढ्या वाटा आहेत.

यातूनच आपल्याकडे षडाष्टकाचे दोन प्रकार पडले. राशीस्वामी एक किंवा मित्र असले की प्रीती षडाष्टक, नसले की मृत्यू षडाष्टक. मेष-वृश्चिक, वृषभ-तूळ, मिथुन-मकर, कर्क-धनू, सिंह-मीन आणि कन्या-कुंभ या सहा जोड्या प्रीतीच्या. मेष-कन्या, मिथुन-वृश्चिक, सिंह-मकर, तूळ-मीन, वृषभ-धनू आणि कर्क-कुंभ या मृत्यूच्या. प्रत्येक राशीला एक ही आणि एक ती. बरीच अॅप्स हा फरक दाखवतच नाहीत, दोन्हीला लाल रंगात शून्य, आणि मग वृषभ-तुळेच्या मुलामुलींचे आईबाप स्क्रीनशॉट घेऊन रडत बसतात, जिथे मुळात दोन्ही राशींचा स्वामी शुक्रच आहे. तुमच्यापैकी ज्यांना नुसतं 'षडाष्टक' एवढंच सांगितलंय त्यांनी आधी आपली जोडी कुठल्या सहात येते ते बघा, निम्म्या जणांचा प्रश्न तिथेच संपेल.

तुझा तिथे संपत नाही हे मला कळतंय. वृश्चिकेचा स्वामी मंगळ, मिथुनेचा बुध. बुधाला मंगळ सम आहे, पण मंगळ बुधाला शत्रू मानतो. म्हणजे गुरुजींनी मृत्यू षडाष्टक म्हटलं ते त्यांच्या हिशेबाने चूक नाही. मी तुला खोटा दिलासा देणार नाही. पण ते पहिल्या पायरीवर थांबले, आणि शास्त्र मानायचंच तर अर्धं मानून चालत नाही ना, म्हणून तुझी पत्रिका आपण पुढच्या पायऱ्यांवर नेऊन बघू.

नाडी, तुझी अनुराधा म्हणजे मध्य नाडी, त्याचं पुनर्वसू म्हणजे आद्य. वेगळ्या आहेत, 8 पैकी 8. गण दोघांचा देव, 6 पैकी 6. तारा, तुझ्या नक्षत्रापासून त्याचं अठरावं येतं आणि त्याच्यापासून तुझं अकरावं, नवाने भागून उरणारी बाकी दोन्हीकडून चांगली, 3 पैकी 3. आता नवमांश. अनुराधाचं पहिलं चरण सिंह नवमांशात पडतं, स्वामी रवी. पुनर्वसूचं पहिलं चरण मेष नवमांशात, स्वामी मंगळ. रवी आणि मंगळ एकमेकांचे मित्र. नाडी शुद्ध, तारा शुद्ध, अंशस्वामी मित्र. राहतं ते अंशस्वामींचं बळ, ते पूर्ण कुंडली समोर घेऊनच बघावं लागेल. म्हणजे ज्या ग्रंथाच्या नावाने तुला झोप लागत नाहीये त्याच ग्रंथाच्या परिहारात तुमची जोडी बसते असं म्हणायला चांगला आधार आहे, आणि हे तू गुरुजींना नीट, आदराने विचारू शकतेस.

गुण नक्की कुठे गेले तेही बघ. भकूटाचे 7 गेले, ग्रहमैत्रीत मंगळ-बुध म्हणून 5 पैकी अर्धाच मिळाला. या दोन वेगळ्या वाईट गोष्टी आहेत असं वाटतं, पण मंगळ-बुधाचं जमत नाही म्हणून ग्रहमैत्रीचे गुण कापले, आणि जमत नाही म्हणूनच भकूटाचं शून्य माफ झालं नाही. एकाच कारणाची शिक्षा दोनदा झाली. तरीही साडेएकवीस उरले, अठराच्या वरती.

आता मी जरा अवघड गोष्ट बोलते. समजा त्याचा जन्म काही तास उशिरा झाला असता आणि पुनर्वसूचं दुसरं चरण लागलं असतं, तर नवमांश वृषभ आला असता, स्वामी शुक्र, आणि रवी-शुक्र शत्रू. मी वर केलेला अंशस्वामींचा सगळा युक्तिवाद कोसळला असता. चंद्राला एक चरण ओलांडायला साधारण सहा तास लागतात. तेव्हा तू स्वतःला विचार, की सकाळी जन्मलेल्या मुलाशी लग्न केलं तर तो जगेल आणि त्याच मुलाचा जन्म संध्याकाळी झाला असता तर तो तुझ्याशी लग्न केल्यामुळे मेला असता, हे तुझ्या मनाला पटतं का? मला नाही पटत. मी पत्रिका वाचायला शिकले ती आवडीने, अजूनही आवडतात मला ते आकडे आणि त्यातली शिस्त, पण दोन माणसांच्या राशींमधलं अंतर कोणाचा जीव घेऊ शकतं असं मी मानत नाही. शास्त्र मानणारे जाणते ज्योतिषीसुद्धा आयुर्मान बघायचं ते ज्याच्या-त्याच्या कुंडलीवरून बघतात, बायकोच्या राशीवरून नाही. आणि त्यातले बरेच जण 'मृत्यू' या शब्दाचा अर्थ सततचं भांडण, मनस्ताप, असाच लावतात.

मग परिहाराचं एवढं पुराण मी का सांगितलं? कारण तुझ्या होणाऱ्या सासूबाई मानतात. मानणाऱ्या माणसाला 'हे सगळं थोतांड आहे' म्हटलं की ते कान बंद करतात, पण त्यांच्याच शास्त्रातली पुढची ओळ दाखवली की निदान ऐकून घेतात.

तुझ्या आधीच्या स्थळाबद्दल दोनच ओळी, ते आता होऊन गेलंय. वृश्चिक आणि धनू शेजारच्या राशी, त्याच्यापासून तुझी बारावी, तुझ्यापासून त्याची दुसरी, याला द्विर्द्वादश म्हणतात. स्वामी मंगळ आणि गुरू, पक्के मित्र. नाडी वेगळी असती तर त्याच परिहाराने तो दोष राहतच नव्हता. म्हणजे नाकारायला त्यांना दुसरं काहीतरी कारण असेल, किंवा खरंच कोणी पुढचं वाचलं नसेल. दोन्हीपैकी काहीही असलं तरी त्यात तुझ्यात कमी काही नव्हतं.

द्विर्द्वादशाची माझ्या घरातली गोष्ट सांगते, कारण मला खरी काळजी वाटते ती याची. माझ्या मावशीच्या लग्नात हाच दोष निघाला होता, 'पैसा टिकणार नाही' असं कोणीतरी म्हणालं, तरी लग्न झालं. पुढे तीस वर्षं त्या घरात पाण्याची मोटर जळली, काकांची बढती हुकली, मुलाच्या फीसाठी कर्ज काढावं लागलं, की मावशीच्या सासूबाई हळू आवाजात म्हणायच्या, सांगितलंच होतं. मोटर सगळ्यांच्याच घरी जळते गं. पण मावशी प्रत्येक खर्चाच्या वेळी कानकोंडी व्हायची, नवीन साडी घेतली तर पिशवी आधी माळ्यावर लपवायची. राशींनी तिचं काही वाईट केलं नाही. त्या एका वाक्याने केलं, कारण लग्नाआधी त्या वाक्याचा कोणी निकालच लावला नव्हता.

म्हणून तू शांती करू का विचारतेस त्याआधी मला त्या मुलाबद्दल विचारायचंय. 'आई शांत झाली की बघू' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. त्याचं स्वतःचं मत काय आहे? उद्या त्याला साधा टायफॉइड झाला, गाडीवरून पडून हात मोडला, आणि घरात कोणी तुझ्याकडे बघून उसासा टाकला, तर तो काय करेल? हा प्रश्न त्याला आत्ता विचार, मोकळेपणाने, भांडण म्हणून नाही. 'मी तिथल्या तिथे बोलेन' असं तो म्हणाला आणि आत्तासुद्धा आईशी तो स्वतः बोलायला बसला, तर पुढे जायला काही हरकत नाही. 'तू जरा समजून घे ना' हेच उत्तर पुन्हा पुन्हा आलं तर मात्र थांबून विचार कर, आणि थांबलीस तर ते त्याच्या या उत्तरामुळे थांबशील, षडाष्टकामुळे नाही, हे स्वतःशी स्पष्ट ठेव.

आईंचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. त्यांचा तरुण भाऊ गेला आहे. माणूस असा अचानक गेला की घरातले कारण शोधतात, आणि कुठल्यातरी वहीत 'षडाष्टक' लिहिलेलं सापडलं की तेच कारण ठरतं. ते नसतं सापडलं तर मंगळ सापडला असता, मुहूर्त सापडला असता. आणि मला खात्रीने वाटतं, त्या घरात कोणीही उलटा शोध घेतला नसेल, की ज्यांची लग्नं चाळीस-चाळीस वर्षं टिकली त्यांच्या राशी काय आहेत? मृत्यू षडाष्टकाच्या जोड्या बारात एक या प्रमाणात येतात. दोन्हीकडचे आजी-आजोबा, काका-काकू, मामा-मामी, शेजारचे, पंधरा-वीस जोडप्यांच्या राशी लिहून काढल्या तर त्यात असं एखादं जोडपं निघायला हरकत नाही, जिवंत आणि रोज सकाळी चहावरून कुरकुरणारं. हे काम तू करू नकोस, मुलाला करायला सांग, आईबरोबर बसून. आणि मामांचं नक्की कुठलं षडाष्टक होतं तेही त्यातच कळेल, कारण निम्म्या वेळा ते प्रीतीचं असतं.

वेळेचं तेवढं नक्की करा. दोघांची जन्मवेळ कोणाच्या आठवणीतली न घेता कागदावरची घ्या, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड बहुतेक घरात कुठल्यातरी फाईलमध्ये असतं. तुझं अनुराधाचं पहिलं चरण आहे, थोडी वेळ मागे सरकली की विशाखाचं चौथं लागतं आणि मग रास तीच राहिली तरी नाडी, गण आणि नवमांश बदलतात. ज्यांचा जन्म कृत्तिका, मृग, पुनर्वसू, उत्तरा, चित्रा, विशाखा, उत्तराषाढा, धनिष्ठा किंवा पूर्वाभाद्रपदा नक्षत्रावर आहे त्यांनी तर हे आवर्जून बघा, कारण ही नक्षत्रं दोन राशींत विभागलेली आहेत. चित्राच्या दुसऱ्या चरणाची मुलगी कन्या राशीची, तिसऱ्या चरणाची तुळेची, समोर मेषेचा मुलगा असेल तर पहिलीला मृत्यू षडाष्टक आणि दुसरीला समसप्तक म्हणून पूर्ण 7 गुण. सीमेवरच्या जन्मात दहा मिनिटांनी एवढा फरक पडू शकतो. पण हे वाचून सोयीची वेळ लिहून नवी पत्रिका करायची असं कोणी मनात आणत असेल तर कृपा करून नका करू. ती गोष्ट कधीतरी बाहेर येते आणि मग घरात जे काही वाईट होईल त्याला ती खोटी वेळ चिकटते.

राहिली शांती. तिने राशी हलत नाहीत आणि भकूटाचे 7 गुण परत येत नाहीत, हे कोणताही प्रामाणिक गुरुजी सांगेल. कोणी मोठी रक्कम सांगून 'एवढं केलं की मृत्युयोग टळला' म्हणत असेल तर तिथून सरळ उठून या. पण आईंच्या मनाला बरं वाटत असेल आणि घरातल्या घरात साधी पूजा असेल तर मी नाही म्हणणार नाही, एवढंच की एकटीने बसू नकोस. दोष जोडीचा आहे ना, मग दोघं बसा. आणि त्याने आईकडून आधी एक शब्द घ्यावा, की पूजा झाल्यावर हा विषय त्या घरात पुन्हा निघणार नाही, आजारपणातही नाही.

गुरुजींकडे तुम्ही तिघं एकत्र जा, तू, तो आणि आई. नुसतं 'चालेल का' विचारू नका, त्याचं उत्तर एका शब्दात येतं. विचारा, की राशीस्वामी मित्र नाहीत हे मान्य, पण नाडी आणि तारा शुद्ध आहेत, अंशस्वामी रवी-मंगळ आहेत, तर परिहार का लागू होत नाही? ते नाही म्हणाले तर कारण सांगा म्हणावं. आईंनी ते स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं, तुझ्याकडून किंवा मुलाकडून नाही.

आणि त्याच्याही आधी एक दिवस तू एकटी आईंना भेटायला जा. पत्रिका नेऊ नकोस. मामांबद्दल विचार, ते कसे होते, काय करायचे, शेवटी काय झालं होतं. त्या बोलतील. मामी आता कुठे असतात, कशा आहेत, तेही विचार.